ओहोटीच्या फोटोतला तो गोळा नक्की कोण? जेलीफिश, समुद्रपुष्प, प्रवाळ आणि स्पंज वेगळे ओळखायची पद्धत

किनाऱ्यावर काढलेल्या फोटोंची खरी अडचण अशी आहे की पुस्तकात आणि नेटवर जे फोटो असतात ते पाण्याखालचे असतात, सगळे प्राणी फुललेले, हात पसरलेले, रंग उजळ. आणि आपण जातो ओहोटीला. पाणी गेलेलं असतं, ऊन लागत असतं, त्यामुळे प्राणी मिटून बसलेले असतात. मग समुद्रपुष्प चिखलाच्या ढेकळासारखं दिसतं, प्रवाळ दगडात मिसळून जातं, आणि जेलीफिश म्हणजे कोणीतरी फेकलेली प्लास्टिकची पिशवी वाटते. म्हणून हा लेख फुललेल्या प्राण्यांवर नाही, मिटलेल्यांवर आहे. मुंबई आणि कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला काढलेला फोटो समोर आहे, मोबाईलवरचाच आहे, आणि त्यात जे दिसतंय ते या चौघांपैकी कोण हे कसं ठरवायचं, एवढंच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. जेलीफिश, समुद्रपुष्प आणि प्रवाळ हे तिघं एकाच मोठ्या गटातले, त्यांच्या शरीरात डंख मारणाऱ्या पेशी असतात, शरीराची रचना एका मध्याभोवती गोल असते आणि तोंड एकच, त्यातूनच खाणं आत जातं आणि त्यातूनच उरलेलं बाहेर येतं. स्पंज या कुटुंबातला नाहीच. त्याला तोंड नाही, हात नाहीत, डंख नाही, तो फक्त अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाणी आत घेतो, त्यातलं खाणं गाळतो आणि मोठ्या छिद्रातून पाणी बाहेर सोडतो. म्हणजे फोटोत शोधायचं काय तर पहिल्या तिघांत मध्य आणि हात, आणि चौथ्यात छिद्रं. रंगाकडे सगळ्यात शेवटी बघायचं. केशरी समुद्रपुष्प असतं, केशरी स्पंज असतो, केशरी प्रवाळही असतं, त्यामुळे रंगावरून सुरुवात केली की हमखास वाट चुकते.

पायरी १: चिकटलंय की नुसतं पडलंय?

झूम करायच्या आधी पूर्ण फोटो बघा. प्राणी वाळूवर आहे की खडकावर, आणि खडकावर असेल तर त्याची कड दगडाला धरून आहे की खाली सावली दिसतेय. बहुतेक लोक थेट झूम करतात आणि मग आजूबाजूचं काहीच बघत नाहीत, पण अर्धं उत्तर आजूबाजूलाच असतं.

वाळूवर सुटा पडलेला, पारदर्शक किंवा दुधट, चपटा गोळा म्हणजे बहुतेक वेळा जेलीफिश. ती पोहणारी, लाटेने बाहेर फेकलेली. पाण्यात जी छत्री असते ती वाळूवर आली की स्वतःच्या वजनाने बसते, कारण आत हाडं नाहीत, कवच नाही, जवळजवळ सगळं पाणीच. बहुतेक वेळा छत्रीची वरची बाजू वर असते, म्हणून मध्यभागी तुम्हाला तोंड दिसत नाही, गुळगुळीत पृष्ठभाग दिसतो. हे लक्षात ठेवा, कारण समुद्रपुष्पाशी गोंधळ होतो तिथे हाच फरक कामाला येतो: समुद्रपुष्पाचं तोंड वरच्या बाजूला असतं, मिटलं तरी मध्यात एक खळगा राहतो. जेलीफिशच्या छत्रीवर तसा खळगा नसतो. मात्र आतलं आरपार दिसतं. चंद्र जेलीफिशमध्ये मध्याभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चार वळ्या दिसतात, त्या तिच्या प्रजननग्रंथी. चार वळ्या स्पष्ट दिसल्या तर पुढे वाद नाही.

ती उलटी पडली असेल तर खालचे जाडसर, झालरी असलेले हात दिसतात. काही जातींत ते आठ असतात आणि त्यांचा एक भरीव गड्डा झालेला असतो, तेव्हा कडेला लांब धागे शोधत बसू नका, त्या जातींना ते नसतातच.

पावसाळ्यात जुहू, गिरगाव अशा ठिकाणी निळं काहीतरी येतं आणि त्याला सरसकट जेलीफिश म्हणतात. यात दोन वेगळी मंडळी असतात. निळा फुगा असतो, वरती तुऱ्यासारखी कड आणि खाली लांब निळे धागे, ती ब्लू बॉटल. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूला याच मोठ्या संख्येने आल्या होत्या आणि खूप लोकांना डंख बसले होते. दुसरं म्हणजे ब्लू बटन, साधारण दोनतीन सेंटिमीटरची गोल चकती, चकतीवर मध्यापासून कडेकडे गेलेल्या रेषा आणि भोवती निळी झालर. दोन्ही जेलीफिशच्या नातेवाईक आहेत पण खऱ्या जेलीफिश नाहीत, प्रत्येक ब्लू बॉटल तर अनेक छोट्या जीवांची मिळून बनलेली वसाहत आहे. फोटोखाली नाव लिहिताना फुगा दिसला की ब्लू बॉटल, चकती दिसली की ब्लू बटन, एवढं केलं तरी पुरे. आणि मेलेली दिसली तरी हात लावू नका, धाग्यांतल्या डंखाच्या पेशी प्राणी मेल्यावरही काम करतात.

वाळूवरच्या पारदर्शक गोष्टींत एक फसवणारी गोष्ट आहे. चिखलट वाळूत कधी पारदर्शक थेंबाच्या आकाराची पिशवी दिसते, तिला एक दोरा असतो आणि तो वाळूत गेलेला असतो. झूम करा, आत एकसारखे बारीक ठिपके भरलेले दिसतील. ती अंडी आहेत, समुद्री किड्यांची. जेलीफिशच्या आत असे सारखे ठिपके नसतात आणि ती दोऱ्याने वाळूला बांधलेली नसते.

उलटंही होतं. वादळानंतर किंवा पावसाळ्यात स्पंजचे तुकडे आणि समुद्रपंख्यांच्या फांद्या सुट्या होऊन वाळूवर येतात. त्यामुळे "पडलंय म्हणजे जेलीफिश" असं नाही, पारदर्शक आणि मऊ आणि पडलंय, तिन्ही एकत्र हवं. फांद्यांचा चपटा पंखा दिसला, आत काळपट-तपकिरी वाकणारा कणा दिसला, तर तो समुद्रपंखा, म्हणजे प्रवाळांचाच एक भाऊबंद. आणि वाळूतच रुतून राहणारी समुद्रपुष्पंही असतात, फक्त हातांचं वर्तुळ वाळूच्या पातळीवर दिसतं आणि बाकी देह खाली. ते पडलेलं नसतं, गाडलेलं असतं, भोवतालची वाळू बघितली की कळतं.

पायरी २: खडकावर आहे, मग दगडासारखं आहे की मऊ?

फोटोत हात लावून बघता येत नाही, आणि प्रत्यक्षातही लावायचा नाही, मग कठीण-मऊ कसं ओळखायचं? उजेड बघा. मऊ ओल्या गोष्टीवर उजेडाचा एक मोठा, गुळगुळीत चकाकता डाग पडतो. कठीण, खडबडीत गोष्टीवर तोच उजेड बारीक बारीक ठिपक्यांत तुटतो. दुसरं म्हणजे उतार. खडकाच्या उभ्या बाजूला मऊ प्राणी थोडा खाली लोंबतो, खालचा भाग फुगीर होतो. प्रवाळ लोंबत नाही.

आता प्रवाळ. मुंबईत प्रवाळ आहे म्हटलं की लोकांना खरं वाटत नाही, पण आहे, हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर आहे, २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी तिथल्या प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे हलवण्यात आल्या होत्या. मात्र लक्षद्वीपच्या फोटोत असतात तशा फांद्या, टेबलं, घुमट इथे शोधू नका. इथलं प्रवाळ गढूळ पाण्यात टिकून राहणारं, दगडावर पापुद्र्याने पसरलेलं किंवा एकेकटे छोटे कप असलेलं असतं. नेहमी दिसणारी जात तळहाताएवढ्या किंवा लहान चकत्यांत असते, रंग फिकट करडा किंवा गुलाबीसर, डबक्यांच्या तळाशी आणि कडेला. ओहोटीला वरून बघताना नुसता डागाळलेला दगड वाटतो.

ओळखायची खूण एकच आणि ती पक्की: कप आणि कपातल्या भिंती. पूर्ण झूम करा. पृष्ठभागावर काही मिलिमीटरचे खळगे, एकमेकांना लागून, आणि प्रत्येक खळग्यात कडेपासून मध्याकडे येणाऱ्या पातळ उभ्या भिंती, अगदी बारीक. प्रत्येक खळग्यात एक प्राणी राहतो आणि या भिंती त्याने खाली बनवलेल्या चुन्याच्या आहेत. त्या मध्याकडे जाणाऱ्या रेषा दिसल्या की ते दगडी प्रवाळ. रेषा नाही दिसल्या तर "प्रवाळ" लिहायची घाई करू नका, कारण खड्डे असलेल्या गोष्टी खडकावर भरपूर असतात.

त्यातल्या तीन सांगतो. बार्नॅकल, म्हणजे खडकावर पायाला लागणारे ते छोटे धारदार शंकू: प्रत्येक शंकू वेगळा, भोवती पट्ट्यांची भिंत आणि मध्यात झाकण, आत रेषा नाहीत. दुसरं, वाळूच्या नळ्यांचा पोळ्यासारखा गठ्ठा. हा आपल्या किनाऱ्यावर बऱ्याच खडकांवर असतो, कधी कधी खूप मोठा, आणि यालाच लोक सर्रास प्रवाळ म्हणतात. तो समुद्री किड्यांनी वाळूचा कण कण चिकटवून बांधलेला असतो. झूम केलं की भिंतीत वाळूचे सुटे कण दिसतात, आणि छिद्रं आत पोकळ, काळी असतात. प्रवाळाच्या कपाला तळ असतो, या नळीला दिसत नाही. तिसरं, गुलाबी रंगाचा खरखरीत थर, जणू दगडाला चुना फासलाय. ते चुनखडी शेवाळ, वनस्पतीसारखं. त्यात कपच नसतात.

प्रवाळ जिवंत की मेलेलं? जिवंत असेल तर भिंतींवर पातळ ओला पडदा असतो, त्यामुळे कडा थोड्या मऊ, बुजलेल्या दिसतात आणि रंग असतो. मेल्यावर भिंतींच्या कडा धारदार उघड्या पडतात आणि लवकरच त्यावर हिरवं शेवाळ चढतं. पांढरं म्हणजे मेलेलं हे मात्र धरून चालू नका, ताणाखाली आलेलं प्रवाळ रंग टाकून पांढरं पडतं पण जिवंत असू शकतं, पडदा पारदर्शक होतो इतकंच. फोटोवरून यातलं ठरवता आलं नाही तर "पांढरं पडलेलं" एवढंच लिहा.

पायरी ३: मऊ आहे, मध्यात तोंड आहे

इथे जास्त वेळ देतो, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या फोटोंत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

समुद्रपुष्प म्हणजे एकटा प्राणी. खाली चिकटायचं तळपाऊल, मध्ये जाडसर खांब, वर चकती, चकतीच्या मध्यात तोंड आणि भोवती हात. डबक्यात पाणी असेल तर हात पसरलेले दिसतात आणि प्रश्नच मिटतो. पाण्याबाहेर आलं की ते हात आत ओढून घेतं आणि वरची कड मिटवतं, नाडी ओढलेल्या बटव्यासारखं. मग फोटोत दिसतो तो दोन ते पाच सेंटिमीटरचा ओला, चकाकता गोळा, मध्यात खळगा, आणि खळग्याकडे जाणाऱ्या सुरकुत्या. काही जातींच्या खांबावर बारीक चिकट फोड असतात, त्याला शिंपल्यांचे तुकडे आणि वाळू चिकटवून घेतात, म्हणजे ऊन कमी लागतं. त्यामुळे एखादा "शिंपल्यांचा ढीग" अगदी गोल असेल आणि त्याच्या मध्यात ओला ठिपका असेल तर तो ढीग नाही. शिंपल्यांचे तुकडे ओळीने लावल्यासारखे वाटतात तेव्हा तर नक्कीच नाही.

आता गुंता. खडकावर हिरवट-तपकिरी, बटणाएवढी तोंडं शेकड्याने चिकटून चिकटून असतात, सगळा खडक मऊ गालिच्याने झाकल्यासारखा. लोक याला समुद्रपुष्पांची वसाहत म्हणतात, कोणी प्रवाळ म्हणतं, कोणी मिटलेल्या अवस्थेत बघून स्पंज म्हणतं. हे यातलं कुणीच नाही. ते झोअँथिड, समुद्रपुष्प आणि प्रवाळ या दोघांचे चुलत भाऊ म्हणा. मुंबईच्या खडकांवर ते इतके आहेत की मध्यम दर्जाच्या फोटोतही कुठेतरी कोपऱ्यात सापडतील.

ते वेगळे काढायच्या तीन खुणा आहेत. पहिली, बुडाशी बघा. झोअँथिडची बटणं खाली एकमेकांना जोडलेली असतात, एकाच पातळ चादरीतून किंवा धावत्या मुळांसारख्या पट्ट्यांतून वर आलेली. समुद्रपुष्पं दाटीने बसली तरी प्रत्येकाचं तळपाऊल वेगळं, मध्ये कुठेतरी दगड डोकावतो. दुसरी खूण, हात. झोअँथिडचे हात आखूड आणि फक्त चकतीच्या अगदी कडेला, दोन ओळींत. चकतीचा मधला भाग मोठा, सपाट, मोकळा राहतो आणि तोंड एका फटीसारखं असतं. समुद्रपुष्पात हात चकतीवर बरेच आतपर्यंत येतात आणि मोकळी जागा कमी असते. तिसरी खूण दगडाची: झोअँथिडला खाली सांगाडा नाही. म्हणजे कप आणि भिंती दिसल्या तर प्रवाळ, तोंडं जोडलेली आहेत पण भिंती नाहीत तर झोअँथिड. काही झोअँथिड वाळूचे कण अंगात भरून घेतात म्हणून खरखरीत, मातकट दिसतात आणि त्यामुळेच प्रवाळाचा भास होतो, पण ते कण कुठल्याही रचनेत नसतात, नुसते विखुरलेले.

यांना हात लावायचा नाही हे मी वेगळं सांगतोय कारण इथे कारण वेगळं आहे. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. बोटाला चीर असेल, किंवा तो हात डोळ्याला लागला तर त्रास होऊ शकतो. गालिचा समजून त्यावर पाय ठेवून उभं राहणं तर दोघांच्याही दृष्टीने वाईट, प्राणी चिरडतात आणि तुम्ही घसरता.

पायरी ४: मध्य नाही, हात नाहीत, छिद्रं आहेत

वरच्या तिन्ही पायऱ्यांत काहीच जुळलं नाही, गोष्ट खडकाला चिकटलेली आहे, आकार कसाही आहे, कधी थर, कधी बोटं, कधी गाठी, तर स्पंजची शक्यता बघा. स्पंजात समान अंतरावर सारखी मांडणी नसते. कुठून मोजायला लागायचं तेच कळत नाही, हीच खूण. पृष्ठभाग बहुधा निस्तेज, थोडा खरखरीत. त्यावर इकडेतिकडे एक ते काही मिलिमीटरची मोठी गोल छिद्रं, बरेचदा छोट्या उंचवट्याच्या टोकावर. तीच पाणी बाहेर टाकायची तोंडं. त्यांच्या मधल्या भागात बारीक छिद्रं असतात पण मोबाईलच्या फोटोत ती सहसा दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नका. छिद्राच्या आत डोकावून बघा: मध्याकडे जाणाऱ्या भिंती नाहीत, सुरकुत्या नाहीत, हातांची टोकं नाहीत, नुसतं भोक.

केशरी-लाल थर खडकाच्या खालच्या, सावलीच्या बाजूला दिसला तर बहुतेक स्पंज निघतो, पण "बहुतेक" याला महत्त्व आहे. तिथेच वसाहती करणारे समुद्री फुगे, म्हणजे ॲसिडियन, राहतात आणि ते रंगीत थरच असतात. फरक चकाकीत आहे. ॲसिडियनचा थर गुळगुळीत, लपलपीत, ओल्या रबरासारखा चमकतो आणि त्यात एकसारखी नक्षी असते, बारीक ठिपके ओळीत किंवा चांदणीच्या आकारात मांडलेले. स्पंजावर अशी नक्षी होत नाही. नक्षी दिसली की स्पंज हे नाव खोडा.

एक फोटो शेवटपर्यंत सोडवूया

समजा जानेवारीतला, हाजीअलीच्या खडकांवरचा फोटो आहे. सकाळची खूप खालची ओहोटी. खडकाच्या आडव्या माथ्यावर हाताच्या पंजाएवढा हिरवट-तपकिरी पट्टा, अर्धा पाण्यात अर्धा बाहेर, शेजारी एक रुपयाचं नाणं. ग्रुपवर टाकल्यावर तीन उत्तरं येतात: प्रवाळ, समुद्रपुष्प, स्पंज. तिन्ही सांगणाऱ्यांनी काहीतरी बघितलेलंच आहे, फक्त फोटोचा वेगवेगळा भाग.

पूर्ण फोटो: पट्टा खडकाला धरून आहे, कड दगडात मिसळलेली, खाली सावली नाही. जेलीफिश बाद.

आता बाहेरचा, कोरडा होत आलेला अर्धा भाग. इथे नुसत्या गाठी दिसतात, प्रत्येकीच्या टोकाला बारीक खळगा. स्पंज म्हणणाऱ्याने हाच भाग बघितला असणार, कारण गाठ आणि टोकाला भोक हे स्पंजाचंही वर्णन आहे. पण गाठी सगळ्या एकाच मापाच्या आहेत. २०११ पासूनच्या मालिकांतलं रुपयाचं नाणं २० ते २२ मिलिमीटरचं असतं, इथलं त्यातलंच आहे, आणि नाण्याच्या व्यासात चार गाठी बसतात, म्हणजे एकेक साधारण पाच मिलिमीटर. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मोजलं तरी तेवढीच. स्पंजाची भोकं अशी सारख्या मापात आणि सारख्या अंतरावर येत नाहीत. शिवाय खळग्याकडे सुरकुत्या जातात. म्हणजे हे भोक नाही, मिटलेलं तोंड आहे. स्पंज बाद.

मग पाण्यातला अर्धा भाग. इथे तीच बटणं उघडलेली आहेत. चकती सपाट, हिरवी, मध्यात फट, कडेला आखूड हातांची झालर. प्रवाळ म्हणणाऱ्याला मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या फिकट रेषा दिसल्या असतील, त्या आहेत खऱ्या. पण त्या रेषा चकतीवर रंगाच्या आहेत, उंचवट्याच्या नाहीत: फोटोत उजेड डावीकडून येतोय, खऱ्या भिंती असत्या तर प्रत्येकीच्या उजवीकडे बारीक सावली पडली असती, आणि मिटलेल्या भागात, मांस आकसल्यावर, भिंती जास्त ठळक दिसायला हव्या होत्या. तिथे तर त्या पूर्ण गायब आहेत. दगडी प्रवाळ बाद.

राहिलं समुद्रपुष्प. दोन बटणांच्या मध्ये बघितलं तर दगड दिसत नाही, तपकिरी चादर दिसते आणि बटणं तिच्यातूनच वर आलीत. पट्ट्याच्या कडेला चादर पुढे सरकलेली आहे आणि तिच्यावर अजून न वाढलेली, दोन मिलिमीटरची बटणं. हात फक्त कडेला. म्हणजे झोअँथिड. आणि इथे थांबायचं, कारण जात ठरवायला यापुढचं या फोटोत काही नाही. झोअँथिडच्या जाती रंगावरून ठरत नाहीत, एकाच जातीत कितीतरी रंग असतात.

बघा, निकाल लागला तो एकाच फोटोत मिटलेला आणि उघडलेला दोन्ही भाग होते म्हणून. नुसता कोरडा भाग असता तर "डंखपेशीवाला, वसाहतीत राहणारा" यापुढे जाता आलं नसतं.

म्हणून फोटो कसा काढायचा

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत ओहोटी सगळ्यात खाली जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत गेलात तर बार्नॅकल आणि शिंपले बघून परत याल. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीच्या सगळ्यात खालच्या वेळेच्या तासभर आधी पोचा, पाण्याच्या मागे मागे खाली जा, आणि पाणी फिरलं की निघा. उधाणात पाणी जसं लांब जातं तसंच भराभर परत येतं आणि खडकांच्या मधल्या घळी आधी भरतात, मागची वाट बंद होते. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका.

एका प्राण्याचे तीन फोटो हवेत. एक लांबून, आजूबाजूचा खडक-वाळू-डबकं दिसेल असा. एक सरळ वरून, जवळून, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून, प्राण्यावर नाही, शेजारी. आणि एक तिरका, बाजूने, म्हणजे उंची आणि बूड दिसेल. हा तिसरा फोटो जवळजवळ कोणीच काढत नाही आणि जोडलेली बटणं की वेगळी, खांब आहे की थर, हे सगळं त्याच्यातच दिसतं.

डबक्यात काही असेल तर आभाळाचं प्रतिबिंब येऊन फोटो पांढरा होतो. अशा बाजूला उभे राहा की तुमची सावली पाण्यावर पडेल पण प्राण्याच्या थोडी आधी संपेल, किंवा छत्री धरा. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो मोबाईलच्या लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात चकाकी एकदम कमी होते. मग दोनतीन मिनिटं हलू नका. पाय आपटले, सावली हलली की समुद्रपुष्पं हात आत घेतात, शांत राहिलात की परत उघडतात. डिजिटल झूम वापरू नका, प्रवाळाच्या त्या बारीक भिंती त्यात पुसल्या जातात. त्यापेक्षा शक्य तेवढ्या जवळून काढा आणि नंतर कापा.

दगड उलटा करून बघायचा मोह होतो, खालच्या बाजूला स्पंज आणि ॲसिडियन असतातच. हाताने सहज उचलता येईल एवढाच दगड, हळू, आणि फोटो झाला की लगेच जसा होता तसाच परत. उलटा तसाच ठेवलात तर सावलीतले सगळे उन्हात मरतात आणि वरचं शेवाळही कुजतं. आणि वाळूवरचा प्रवाळाचा किंवा समुद्रपंख्याचा तुकडा, मेलेला का असेना, खिशात टाकू नका. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि कायदा त्यात जिवंत-मेलेलं असा भेद करत बसत नाही. फोटो पुरेसा आहे.

नाव किती खोल लिहायचं

फोटोत जेवढं दिसतंय तेवढंच नाव. छत्री आणि चार वळ्या दिसल्या तर चंद्र जेलीफिश लिहा, नुसता सपाट पारदर्शक तुकडा असेल तर जेलीफिश एवढंच. कपातल्या भिंती दिसल्या तर दगडी प्रवाळ. स्पंजात तर फोटोवरून जात सांगणं फार कमी वेळा जमतं, कारण खरी ओळख त्याच्या अंगातल्या सूक्ष्म काट्यांवर असते आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, त्यामुळे कोणी केशरी थराच्या फोटोवर लांबलचक शास्त्रीय नाव ठोकून दिलं तर त्याला विचारा की काटे कुठे बघितले. आयनॅचरलिस्टसारख्या, प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर फोटो टाकताना तारीख, वेळ आणि जागा जोडा, आणि नोंदीत दोन शब्द लिहा जे फोटोत दिसत नाहीत: पाण्यात होता की बाहेर, आणि सावलीत होता की उन्हात. पुढे कोणी जाणकार बघायला बसलं की पहिल्यांदा तेच विचारतात.